अनुमापन वक्र आणि बफर पट्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनुमापन वक्राच्या आणि बफर द्रावणाच्या स्लाइड दाखवून झाल्या की काही प्रश्न हमखास येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही त्याच स्लाइड घेऊन शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचे. ते सगळे येथे एकत्र केले आहेत. उत्तरांसाठी शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरले आहे: शंकूपात्रात ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचे २० मिलिलिटर द्रावण आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. ॲसेटिक आम्लाचा pKa २५ अंश सेल्सिअसला ४.७६ आहे. हे आकडे मुद्दाम निवडले आहेत. सगळे आम्ल उदासीन व्हायला बरोबर २० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड लागते, त्यामुळे प्रत्येक मिलिलिटर म्हणजे आम्लाच्या वीस भागांपैकी एक भाग, असा हिशोब तोंडी करता येतो.

१. अनुमापन वक्र म्हणजे नेमके काय? त्याच्या अक्षांवर काय असते?

आडव्या अक्षावर ब्युरेटमधून आतापर्यंत सोडलेल्या आम्लारीचे घनफळ असते आणि उभ्या अक्षावर त्या क्षणी शंकूपात्रातील द्रावणाचा सामू, म्हणजे स्लाइडवर pH असे लिहिलेली राशी, असते. वक्रावरचा प्रत्येक बिंदू एका वेगळ्या द्रावणाचे वर्णन करतो, कारण प्रत्येक थेंबानंतर पात्रातील आम्ल आणि त्यापासून तयार झालेला क्षार, म्हणजे ॲसिटेट, यांचे प्रमाण बदललेले असते. आपल्या उदाहरणातील काही बिंदू असे आहेत:

| सोडलेले सोडियम हायड्रॉक्साइड (मिलिलिटर) | सामू |
|---|---|
| ० | २.८८ |
| १ | ३.५१ |
| २ | ३.८१ |
| ५ | ४.२८ |
| ९ | ४.६७ |
| १० | ४.७६ |
| ११ | ४.८५ |
| १५ | ५.२४ |
| १८ | ५.७१ |
| १९ | ६.०४ |
| १९.९ | ७.०६ |
| २० | ८.७३ |
| २०.१ | १०.४० |
| २२ | ११.६८ |

पुढची बहुतेक उत्तरे याच तक्त्याकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवतात, म्हणून तो समोर ठेवावा. ९ ते ११ या दोन मिलिलिटरमध्ये सामू ०.१८ने वाढला आहे, तर १९.९ ते २०.१ या अवघ्या ०.२ मिलिलिटरमध्ये ३.३४ने. संपूर्ण प्रकरण या दोन आकड्यांमधील तफावतीचे आहे.

२. वक्राच्या मधल्या भागात सामू ‘हळू’ बदलतो, म्हणजे तिथे अभिक्रिया मंदावते का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्याचे मूळ ‘हळू’ या शब्दातच आहे. आडव्या अक्षावर वेळ नाही, घनफळ आहे. सामू हळू बदलतो याचा अर्थ ‘दर मिलिलिटरमागे थोडा बदलतो’ एवढाच आहे. ‘दर सेकंदाला थोडा बदलतो’ असा नाही. हायड्रॉक्साइड आयन आणि ॲसेटिक आम्ल यांची अभिक्रिया द्रावण ढवळले जाताच घडून जाते आणि ती जवळजवळ पूर्ण होते: तिचा समतोल स्थिरांक १.७ × १०⁹ इतका मोठा आहे. बफर पट्ट्यातही आणि २० मिलिलिटरजवळच्या उभ्या उडीच्या भागातही ती तितक्याच तत्परतेने घडते. प्रयोगशाळेत थेंबानंतर थोडे थांबायला सांगतात ते इलेक्ट्रोडचे वाचन स्थिर व्हावे म्हणून. अभिक्रिया घडण्याची वाट पाहण्यासाठी नव्हे.

३. बफर पट्टा वक्रावर कुठून कुठपर्यंत धरायचा?

प्रचलित संकेत असा आहे की सामू pKaच्या एक एकक खाली असल्यापासून एक एकक वर जाईपर्यंतचा भाग बफर पट्टा मानावा. आपल्या उदाहरणात तो ३.७६ ते ५.७६ असा येतो आणि घनफळाच्या भाषेत अंदाजे १.८ ते १८.२ मिलिलिटर एवढा पसरतो. म्हणजे तुल्यता बिंदूपर्यंतच्या, सगळे आम्ल खर्ची पडेपर्यंतच्या, वाटचालीतील चार-पंचमांशाहून अधिक भाग बफर पट्ट्यातच जातो. पुष्कळ स्लाइडवर मध्यभागी एक अरुंद रंगीत पट्टी दाखवून तिला बफर पट्टा म्हटलेले असते. त्यामुळे बफर हा क्षणभर येऊन जाणारा टप्पा आहे असे वाटते, आणि ते चूक आहे.

ही सीमा निसर्गाने आखलेली नाही. pKaच्या एक एकक खाली क्षार आणि आम्ल यांचे प्रमाण १:१० असते, एक एकक वर १०:१ असते, आणि त्यापलीकडे बफरचा उपयोग व्यवहारात फारसा उरत नाही, म्हणून ती सोयीने ठरवली आहे. सीमेवर वक्राला कोणताही कोपरा नसतो.

४. बफर पट्ट्यात सामू इतका कमी का बदलतो?

दोन कारणे एकत्र काम करतात आणि ती वेगवेगळी समजून घेणे आवश्यक आहे. बहुतेक स्लाइडवर पहिलेच कारण असते, दुसरे गृहीत धरले जाते.

पहिले कारण साठ्याचे आहे. १० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड सोडल्यावर पात्रात १ मिलिमोल ॲसेटिक आम्ल आणि १ मिलिमोल ॲसिटेट आयन असतात, आणि एकूण घनफळ ३० मिलिलिटर असते. सामू ४.७६ आहे, म्हणून मुक्त हायड्रोजन आयनांची संहती १.७४ × १०⁻⁵ मोलर, म्हणजे संपूर्ण पात्रात मिळून ते केवळ ०.०००५२ मिलिमोल. अविचरित आम्लाचा साठा त्याच्या सुमारे १९०० पट आहे. पात्रात फक्त ते मुक्त आयनच असते, तर ब्युरेटमधील ०.००५ मिलिलिटर द्रावणाने ते संपले असते. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे थेंबाचा दहावा भाग पुरला असता. प्रत्यक्षात हायड्रॉक्साइड येताच त्याला अविचरित आम्लाच्या रेणूकडून प्रोटॉन मिळतो, पाणी तयार होते आणि आम्लाच्या जागी ॲसिटेट उरते. बाहेरून आलेला तीव्र आम्लारी अशा रीतीने एका सौम्य आम्लारीत रूपांतरित होतो.

दुसरे कारण प्रमाणाचे आहे. हायड्रॉक्साइड खर्ची पडल्यावर पात्रात बदलते ती फक्त आम्ल आणि क्षार यांची वाटणी, आणि सामू त्या वाटणीच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो:

```
pH = pKa + log([A⁻]/[HA])
```

लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये हा संबंध मांडला आणि पुढे कार्ल हासेलबाल्ख यांनी त्याला लघुगणकाचे हे रूप दिले. येथे HA म्हणजे ॲसेटिक आम्ल आणि A⁻ म्हणजे ॲसिटेट. दहाव्या मिलिलिटरनंतर अकरावा सोडला की वाटणी १०:१० वरून ११:९ होते. गुणोत्तर १ वरून १.२२ झाले, त्याचा लघुगणक ०.०९, म्हणून सामू ४.७६ वरून ४.८५. साठ्यातून एक पूर्ण भाग गेला, तरी गुणोत्तर फारसे हलले नाही.

तुलनेसाठी ३० मिलिलिटर शुद्ध पाण्यात हेच एक मिलिलिटर सोडले, तर सामू ७ वरून सुमारे ११.५ पर्यंत जातो. हायड्रॉक्साइड तेवढेच, घनफळही तेवढेच. फक्त ते स्वीकारणारे तिथे कोणी नाही.

५. एकेक मिलिलिटरने आम्लाचा एकेक भागच कमी होतो, तर मग वक्र मध्यभागीच सर्वांत आडवा का असतो?

कारण सामूला भागांच्या संख्येतील फरक कळत नाही, त्याला गुणोत्तरातील पट कळतात. मध्यभागी आम्लाचे १० भाग असताना एक भाग गेला तर आम्ल एक-दशांशाने घटते आणि क्षार एक-दशांशाने वाढतो. अठरा मिलिलिटरनंतर आम्लाचे दोनच भाग उरलेले असतात. एकोणिसाव्या मिलिलिटरने त्यातला एक गेला की आम्ल थेट निम्मे होते. क्षार अठराचा एकोणीस होतो, तो बदल नगण्य आहे, पण आम्ल निम्मे झाल्यामुळे गुणोत्तर ९ वरून १९ वर जाते आणि सामू ५.७१ वरून ६.०४ होतो. अंतर ०.३३, मध्यभागातील ०.०९ च्या साडेतीनपटीहून अधिक.

दोन्ही घटक भरपूर असतील तेव्हाच कोणाचाही एक भाग वाढला किंवा घटला तरी फरक पडत नाही, आणि दोन्ही एकाच वेळी भरपूर असण्याची जागा एकच आहे: निम्मे-निम्मे. हीच गोष्ट गणिताने मांडायची तर उदासीन झालेल्या आम्लाचा अपूर्णांक f धरावा. वक्राचा उतार १/[२.३०३ f(१ − f)] येतो, आणि f(१ − f) हा गुणाकार f अर्धा असताना सर्वांत मोठा होतो. म्हणून उतार तिथे सर्वांत कमी. लक्षात घ्यावे की तो शून्य कधीच होत नाही. बफर सामूतील बदल थांबवत नाही, फक्त कमी करतो. स्लाइडवर तो भाग पूर्ण सपाट रेषेने काढला असेल तर ती आकृती दुरुस्त करावी.

६. ही स्लाइड वर्गात समजावताना सूत्र आधी दाखवावे की वक्र?

माझ्या मते दोन्हींच्या आधी वाटणी दाखवावी. पहिल्या स्लाइडवर वीस चौकोन एका रंगाचे काढावेत, आणि प्रत्येक मिलिलिटरला एक चौकोन दुसऱ्या रंगाचा करत जावे. विद्यार्थ्यांना दर वेळी फक्त ‘किती विरुद्ध किती’ एवढेच विचारावे: १:१९, २:१८, आणि असेच १९:१ पर्यंत. मग त्या जोड्यांची गुणोत्तरे फळ्यावर लिहावीत. मधली गुणोत्तरे एकमेकांच्या जवळ आहेत आणि दोन्ही टोकांची झपाट्याने दुरावतात, हे विद्यार्थी स्वतःच सांगतात. त्यानंतर सूत्र आले की ते पाठ करण्याची वस्तू राहत नाही, आणि वक्र तर त्या जोड्यांचेच चित्र ठरतो. सूत्र आधी दाखवले की विद्यार्थी आकडेमोड बरोबर करतात, पण वक्र मध्येच आडवा का होतो याचे उत्तर ‘कारण तो बफर आहे’ असे देतात. ते उत्तर नसून केवळ नाव आहे.

७. मग सुरुवातीलाच, पहिल्या एक-दोन मिलिलिटरमध्ये, वक्र झपाट्याने वर का चढतो? तिथे तर आम्लाचा साठा भरपूर आहे.

आम्लाचा साठा भरपूर आहे, पण क्षाराचा नाही. प्रश्न ५ मधील विचार उलट्या बाजूने लावावा. सुरुवातीला ॲसिटेट जवळजवळ नसल्यामुळे पहिल्या मिलिलिटरने ते कित्येक पटींनी वाढते आणि सामू २.८८ वरून ३.५१ पर्यंत जातो. दुसऱ्या मिलिलिटरने ते दुप्पट होते, आणि वाढ ०.३० एवढीच राहते.

येथे एक बारकावा आहे. पहिल्या मिलिलिटरनंतरचा सामू सूत्राने काढला तर ३.४८ येतो, तक्त्यात मात्र ३.५१ आहे. इतक्या सुरुवातीला आम्लाच्या स्वतःच्या विचरणातून आलेले ॲसिटेट दुर्लक्ष करण्याइतके कमी नसते आणि सूत्र ते धरत नाही. शून्य मिलिलिटरला तर सूत्र चालतच नाही, कारण शून्याचा लघुगणक अस्तित्वात नाही. तो सामू आम्लाच्या विचरण स्थिरांकावरून थेट काढावा लागतो. बफर पट्ट्यात शिरल्यावर हा फरक दोन दशांश स्थळांपर्यंत दिसेनासा होतो.

८. अर्ध-तुल्यता बिंदू आणि तुल्यता बिंदू यांच्यात माझा नेहमी गोंधळ होतो. ओळखायचे कसे?

तुल्यता बिंदू म्हणजे सगळे आम्ल खर्ची पडेल इतकी आम्लारी सोडली गेल्याचा क्षण. आपल्या उदाहरणात २० मिलिलिटर. अर्ध-तुल्यता बिंदू त्याच्या निम्म्या घनफळाला, म्हणजे १० मिलिलिटरला येतो, आणि तिथे आम्ल व क्षार समान असल्यामुळे लघुगणक शून्य होऊन सामू pKa इतका होतो. गोंधळ होण्याचे कारण असे की दोन्ही ठिकाणी वक्राच्या कमानीची दिशा बदलते. फरक उताराचा आहे: अर्ध-तुल्यता बिंदूला उतार सर्वांत कमी असतो, तुल्यता बिंदूला सर्वांत जास्त.

आलेख वाचताना क्रम पाळावा. आधी उभी उडी शोधावी, तिच्या मध्यावरून खाली आडव्या अक्षावर यावे, ते घनफळ निम्मे करावे आणि तिथून पुन्हा वर वक्रापर्यंत जावे. निम्मे घनफळाचे करायचे, सामूचे नाही. ८.७३ चे निम्मे ४.३७ होते, ते दिसायला pKaच्या जवळपास वाटते, आणि म्हणूनच ही चूक उत्तरपत्रिकेत सहज लपून जाते.

९. तुल्यता बिंदूला द्रावण उदासीन झालेले असते, तर सामू ७ का नाही? आणि उडी तिथेच का?

तुल्यता बिंदूला पात्रात फक्त सोडियम ॲसिटेट असते, आणि ॲसिटेट हा सौम्य आम्लारी आहे. तो पाण्याकडून थोडे प्रोटॉन घेतो, हायड्रॉक्साइड सुटते आणि सामू ८.७३ होतो. आम्लाचे आणि आम्लारीचे मोल जुळणे ही एक गोष्ट आहे, सामू ७ असणे ही दुसरी.

उडीचे कारण प्रश्न ५ च्या ओघात येते. १९.९ मिलिलिटरला आम्लाच्या वीस भागांपैकी फक्त एक-दशांश भाग उरलेला असतो. दोन थेंबांत तो संपतो. त्यानंतर हायड्रॉक्साइडला स्वीकारणारे कोणी राहत नाही, आणि पुढचे दोन थेंब मोकळे राहून सामू १०.४० पर्यंत नेतात. बफर पट्टा जितका संथ, त्याचा शेवट तितकाच तीव्र असतो. आम्लाचा साठा संपणे हीच उडी आहे.

१०. फिनॉल्फ्थॅलिनऐवजी मिथिल ऑरेंज वापरले तर काय होईल?

अनुमापन फसेल, आणि ते बफर पट्ट्यामुळेच फसेल. मिथिल ऑरेंजचा रंग ३.१ ते ४.४ या सामूंच्या दरम्यान लालचा पिवळा होतो. आपल्या वक्रावर हा बदल पहिल्याच मिलिलिटरच्या आत सुरू होतो आणि सहाव्या मिलिलिटरच्या आसपास संपतो. रंग पाच-सहा मिलिलिटरभर हळूहळू सरकत राहतो आणि नेमका अंत्यबिंदू कुठे मानावा हे ठरवताच येत नाही. प्रत्यक्ष तुल्यता बिंदू त्यानंतर १४ मिलिलिटर दूर असतो. फिनॉल्फ्थॅलिनचा पल्ला सुमारे ८.३ ते १० आहे आणि तो पूर्णपणे उडीत बसतो, म्हणून एक-दोन थेंबांत गुलाबी रंग येतो. प्रयोग करताना रंग थेंबाथेंबाने नव्हे तर मिलिलिटरामिलिलिटरने बदलताना दिसला, तर दर्शक चुकला आहे असे समजावे.

११. तीव्र आम्लाचा वक्रही सुरुवातीला बराच आडवा असतो. मग तोही बफर म्हणायचा का?

हा प्रश्न चांगले विद्यार्थी विचारतात आणि त्याला टाळू नये. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, तर सामू सुरुवातीला १.००, दहा मिलिलिटरला १.४८ आणि पंधरा मिलिलिटरला १.८५ असतो. वक्र खरोखर आडवा आहे. येथे साठा अविचरित आम्लाचा नसून मुक्त हायड्रोजन आयनांचाच आहे. तो इतका मोठा असतो की त्यातून थोडे गेले तरी लघुगणकावर फारसा परिणाम होत नाही. आम्लारीला विरोध करण्याच्या अर्थाने संहत तीव्र आम्लही बफरसारखे वागते.

फरक पाण्याने उघड होतो. दोन्ही पात्रांत १० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड सोडल्यावर प्रत्येकी ३० मिलिलिटर असलेली द्रावणे पाणी घालून ३०० मिलिलिटर करावीत. हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १.४८ वरून २.४८ होतो, तर ॲसेटिक आम्ल आणि ॲसिटेट यांच्या द्रावणाचा ४.७६ वरच राहतो, कारण दोघेही सारखेच विरल झाले आणि गुणोत्तर तेच राहिले. शिवाय सौम्य आम्लाच्या वक्रात आडवा भाग pKaच्या उंचीवर येतो, त्यामुळे आम्ल निवडून हवी ती उंची निवडता येते. तीव्र आम्लाला तशी स्वतःची उंची नाही.

१२. पाणी घातल्याने बफरचा सामू बदलत नाही, तर बफर कितीही विरल केला तरी चालेल का?

चालणार नाही. प्रश्न ११ मधील द्रावण दहापट विरल केले तर सामू तसाच राहतो, पण हजारपट केले तर तो सुमारे ५.०२ होतो, कारण आता आम्लाच्या स्वतःच्या विचरणाने गुणोत्तरच बदललेले असते. त्याआधीच दुसरी हानी झालेली असते: साठा तेवढाच राहून मोठ्या घनफळात पसरतो, आणि प्रत्येक मिलिलिटर बफर पूर्वीपेक्षा फार कमी आम्लारी सोसतो. सामू टिकणे आणि सामू टिकवण्याची क्षमता टिकणे यांत हा भेद आहे.

डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये या क्षमतेला मोजता येण्याजोगे रूप दिले: सामू एका एककाने बदलण्यासाठी किती तीव्र आम्लारी किंवा आम्ल लागते, त्यावरून ती ठरते. आपल्या पात्रात सामू ४.७६ वरून ५.७६ करायला ८.२ मिलिलिटर, म्हणजे ०.८२ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड लागते. सुरुवातीचे आम्ल दहापट संहत असते तर दहापट लागले असते. वक्राचा आकार मात्र तसाच दिसला असता, कारण आडवा अक्षही त्या प्रमाणात ताणला जातो. म्हणून दोन स्लाइडवरील वक्रांची तुलना करण्यापूर्वी आडव्या अक्षाचे आकडे वाचावेत.

१३. फॉस्फोरिक आम्लाला तीन प्रोटॉन आहेत, मग वक्रावर तीन उड्या का दिसत नाहीत?

त्याचे तीन pKa सुमारे २.१५, ७.२० आणि १२.३५ आहेत, आणि प्रत्येकाच्या आसपास एक बफर पट्टा तयार होतो. पहिल्या दोन पट्ट्यांनंतर उड्या स्पष्ट दिसतात. तिसरा पट्टा इतक्या वर आहे की तिथे सोडियम हायड्रॉक्साइडचे स्वतःचे विरल द्रावणही त्याच सामूचे असते; तिसरा प्रोटॉन संपल्यावर वक्राला उडी मारण्यासाठी वर जागाच उरत नाही. तिसरा प्रोटॉन अस्तित्वात आहे, पण पाण्यातील साध्या अनुमापनात तो मोजता येत नाही.

१४. रक्ताचा सामू ७.४ असतो आणि बायकार्बोनेट बफरचा pKa ६.१ सांगतात. हे तर पट्ट्याच्या बाहेर आहे. मग तो काम कसा करतो?

बंद शंकूपात्रात तो खरोखरच दुबळा ठरला असता. रक्तात बायकार्बोनेट सुमारे २४ आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १.२ मिलिमोल प्रतिलिटर असतो. गुणोत्तर २०, लघुगणक १.३, म्हणून सामू ७.४. हे आपल्या वक्रावरील एकोणिसाव्या मिलिलिटरसारखे टोकाचे ठिकाण आहे. पण शरीर बंद पात्र नाही. आम्ल वाढले की तयार होणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांवाटे बाहेर जातो आणि गुणोत्तराचा खालचा भाग श्वासोच्छ्वासाने जवळपास स्थिर ठेवला जातो. प्रश्न ५ मधील युक्तिवाद एक घटक जितका घटतो तितकाच दुसरा वाढतो या गृहीतकावर उभा आहे, आणि येथे तेच गृहीतक लागू होत नाही. म्हणून रक्ताचे उदाहरण अनुमापन वक्राच्या स्लाइडवर ठेवू नये. त्याला स्वतंत्र स्लाइड द्यावी.

१५. आम्ही प्रत्यक्ष प्रयोग केला, तर १० मिलिलिटरला मीटरवर ४.७६ ऐवजी ४.६९ आले. चूक कुठे झाली?

कदाचित कुठेच नाही. पुस्तकातील ४.७६ हा अतिविरल द्रावणाला लागू होणारा आकडा आहे. तुमच्या पात्रात ०.०३३ मोलर सोडियम ॲसिटेट आहे, आणि इतक्या आयनांच्या गर्दीत प्रत्येक ॲसिटेट आयनाभोवती विरुद्ध प्रभाराच्या आयनांचे वलय असल्यामुळे त्याचा परिणामकारक वाटा त्याच्या संहतीपेक्षा थोडा कमी पडतो. त्याचा हिशोब केला तर सामू सुमारे ०.०७ ने कमी, म्हणजे ४.६९ च्या आसपासच अपेक्षित असतो.

फरक याहून मोठा असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. मीटर ४ आणि ७ च्या आसपासच्या दोन्ही प्रमाण बफरांनी जुळवला होता का, हे पाहावे. ४ च्या प्रमाण बफरमध्ये इलेक्ट्रोड पुन्हा बुडवून वाचन घेतले की लगेच कळते. दुसरी गोष्ट तुल्यता बिंदूची. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्याचे बळ घटते आणि तुल्यता बिंदू २० ऐवजी, समजा, २०.६ मिलिलिटरला येतो. मग निम्मे घनफळ १०.३ होते, १० नाही. सुदैवाने या चुकीचा pKaवर फार थोडा परिणाम होतो: १० आणि १०.३ मिलिलिटरमधील सामूचा फरक जेमतेम ०.०३ आहे, कारण वाचन वक्राच्या सर्वांत आडव्या जागी घेतले आहे. तीच ०.६ मिलिलिटरची चूक आम्लाची संहती काढताना मात्र पूर्ण तीन टक्क्यांची होते. म्हणून pKa बरोबर आला यावरून सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण चांगले आहे असा निष्कर्ष काढू नये. ते प्रमाण आम्लाशी स्वतंत्रपणे पडताळून घ्यावे.